खाणं वाढलं, वजन वाढलं. उंची का वाढली नाही?

घोटावड्याच्या एका वस्तीतल्या अंगणवाडीत काही वर्षांपूर्वी मुलांची मापं घ्यायला मी सेविकाताईंच्या मदतीला बसले होते. तीन वर्षं पूर्ण झालेली एक मुलगी उंचीच्या पट्टीला उभी केली. उंची ८४.५ सेंटिमीटर, वजन १० किलो २०० ग्रॅम. या वयाच्या मुलीची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते. ८७.४ च्या खाली गेली की आपण तिला खुजी म्हणतो, म्हणजे वयाच्या मानाने वाढ खुंटलेली. आई शेजारीच उभी होती. म्हणाली, "सिस्टर, आमच्यात सगळीच बुटकी असतात." मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याच उंचीची होती आणि तिचा नवरा तिच्याहून बराच उंच. घराण्यात बुटकेपणा नव्हता.

या लेखात मी त्या मुलीची गोष्ट सांगणार आहे. नाव सांगणार नाही. गोष्ट तिच्या आईच्या परवानगीने सांगते आहे आणि त्यात माझीही एक चूक आहे, ती पुढे येईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बुटकं मूल दिसलं की आईने दारू प्यायली असणार, असं कुणी समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आढळली. त्याच पाहणीत दारू पिते असं सांगणाऱ्या बाया होत्या फक्त ०.४ टक्के, म्हणजे हजारात चार. अनोळखी माणसासमोर दारात उभं राहून दिलेलं उत्तर पूर्ण खरं नसणार, हे धरलं तरी बहुतेक मुलांची उंची खुंटते ती आईच्या अंगात रक्त नसल्यामुळे, अपुऱ्या खाण्यामुळे, सारख्या होणाऱ्या जुलाबांमुळे. आपल्या कितीतरी बाया दारूला शिवत नाहीत, पण मिश्री लावतात. मुंबईत झालेल्या एका अभ्यासात तंबाखू-मिश्री वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली होती. तेव्हा दारू हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. पण इतर कारणांपेक्षा ते वेगळं वागतं. भुकेने खुंटलेलं मूल लहान वयात नीट खाऊ लागलं तर बरंचसं भरून काढू शकतं. दारूने पोटातच खुंटलेल्या मुलाचं तसं सहसा होत नाही, आणि ते का होत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

हे दुखणं डॉक्टरांना पहिल्यांदा कळलं तेही वाढीच्या तक्त्यांवरूनच. १९६८ साली फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लमोआन या बालरोगतज्ज्ञाने दारुड्या आईबापांच्या १२७ मुलांची हकिकत छापली, पण फार कुणी लक्ष दिलं नाही. त्याच सुमारास अमेरिकेत सिएटल शहरातल्या सरकारी इस्पितळात क्रिस्टी उलेलँड नावाच्या शिकाऊ डॉक्टरबाई वजन-उंची न वाढणाऱ्या बाळांच्या फायली चाळत होत्या. त्यातल्या काही बाळांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली, ती म्हणजे त्यांच्या आया रोज दारू पिणाऱ्या होत्या. १९७३ मध्ये तिथल्याच डेव्हिड स्मिथ आणि केनेथ जोन्स या डॉक्टरांनी, उलेलँड यांना बरोबर घेऊन, आठ मुलांचं वर्णन 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापलं आणि या दुखण्याला नाव मिळालं. त्या मुलांना इस्पितळात पोटभर अन्न मिळत होतं, काही मुलं दुसऱ्या चांगल्या घरी वाढत होती, तरी ती मागची उंची भरून काढत नव्हती. ही फक्त भूक नाही, हे डॉक्टरांना त्यावरून कळलं.

आता पोटात काय होतं ते पाहू.

वार म्हणजे आईच्या आणि बाळाच्या रक्तामधली चाळणी आहे असं आपण मानतो. पण दारूसाठी ती चाळणी नाहीच. दारूचे कण इतके लहान असतात की ते वारेतून सरळ पलीकडे जातात. आईच्या रक्तात जेवढी दारू, जवळपास तेवढीच थोड्या वेळात बाळाच्या रक्तात असते. आईचं यकृत म्हणजे लिव्हर ती जाळून टाकतं. बाळाचं यकृत अजून तयार झालेलं नसतं. त्यामुळे त्याच्या अंगातली दारू पुन्हा वारेतून आईकडे परत जाईल तेव्हाच कमी होते. काही दारू बाळाभोवतीच्या पाण्यात उतरते आणि तिथे जास्त वेळ राहते. बाळ ते पाणी गिळतं. म्हणजे आईची नशा उतरली तरी बाळाची उतरायला वेळ लागतो.

बाळ मोठं होतं म्हणजे त्याच्या शरीरातल्या पेशींची संख्या वाढत जाते. घर बांधताना विटा कमी पडल्या तर घर लहान होतं, तसंच हे आहे. दारू पेशींचं वाढणं मंदावते, काही पेशी मारते. शिवाय वारेतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि वारेतून प्रथिनं, जस्त, लोह यांची जी वाहतूक चालते ती कमी होते. आईने चांगलं खाल्लं तरी ते बाळापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. हाडांच्या, स्नायूंच्या आणि मेंदूच्या पायाभरणीच्या वेळीच विटा कमी पडल्या की नंतर कितीही सिमेंट आणलं तरी पाया रुंद होत नाही. म्हणून जन्मानंतर खाणं वाढवलं तर अंगावर मांस चढतं, वजन वाढतं, पण लांबी मात्र मागेच राहते.

हे पुढे किती वर्षं राहतं? अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात १९८० च्या दशकात सरकारी दवाखान्यात येणाऱ्या गरीब गरोदर बायांची नोंद घेऊन त्यांच्या मुलांचा पाठपुरावा झाला. त्यात बहुतेक बाया दारुड्या नव्हत्या, थोडी किंवा मध्यम पिणाऱ्या होत्या. मुलं चौदा वर्षांची झाली तेव्हाही, ज्यांच्या आयांनी पहिल्या तीन महिन्यांत दारू घेतली होती ती मुलं इतरांपेक्षा उंचीने, वजनाने आणि डोक्याच्या घेरानेही लहान होती. सिएटलच्या मानसशास्त्रज्ञ ॲन स्ट्राइसगुथ यांनी हे दुखणं ठरलेल्या मुलांना तरुणपणी पुन्हा पाहिलं. त्यांचं वजन बरंचसं भरून आलं होतं, काही तर जाडही झाली होती. पण उंची कमीच आणि डोकं लहानच होतं. चेहऱ्यावरच्या खुणा मात्र वयाबरोबर पुसट झाल्या होत्या. म्हणजे चेहरा बदलतो, वजन बदलतं, उंची टिकून राहते. वजनकाटा पाहून समाधान मानणाऱ्या आम्हा लोकांना हे नीट कळायला हवं होतं.

आता किती दारू म्हणजे किती, ते बघू, कारण वस्तीत "थोडीशीच घेते" हे वाक्य फार ऐकू येतं. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर ९० मिलिलिटर, म्हणजे ज्याला आपल्याकडे नाइन्टी म्हणतात, त्यात शुद्ध दारू साधारण ३० ग्रॅम असते. दारू मोजायचं माप १० ग्रॅमचं असतं, म्हणजे एक नाइन्टी तीन मापं. आपल्या चणीच्या बाईच्या अंगातून ती जायला निदान चार ते सहा तास लागतात. बिअर सौम्य असते हा मोठा गैरसमज आहे. ६५० मिलिलिटरची कडक बिअर आठ टक्क्यांची असेल तर त्या एका बाटलीत चाळीस ग्रॅमच्या वर दारू असते, म्हणजे नाइन्टीपेक्षा जास्त. मुतखड्यावर बिअर चांगली म्हणून पाजणारे लोक हे लक्षात घेत नाहीत. हातभट्टीचं तर मापच सांगता येत नाही. एका भट्टीची पातळ, दुसऱ्या भट्टीची जाळ. पेला तोच असतो, आतलं काय ते कुणालाच माहीत नसतं, आणि त्यात आणखी काय मिसळलंय तेही माहीत नसतं.

गरोदरपणात अमुक इतकी चालेल, अशी मर्यादा कुणालाही सापडलेली नाही. नुकसान जास्त होतं ते एकदम भरपूर पिण्याने, कारण रक्तातली पातळी एकदम वर जाते. आठवडाभर नाही आणि बाजाराच्या किंवा पगाराच्या दिवशी दोन नाइन्टी, असं असेल तर "रोज नाही घेत" हे बाळाच्या कामाचं नाही. आणखी एक गोष्ट आपल्या घरांना फार लागू पडते. डेट्रॉइट शहरातल्या अभ्यासात बारीक, कमी वजनाच्या आयांच्या मुलांच्या वाढीवर तेवढ्याच दारूचा परिणाम जास्त झालेला दिसला. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये असं दिसलं की पोटात असताना दारू लागलेल्या बाळाच्या अंगात पहिल्या वर्षात लोह कमी असेल, तर वाढ आणखी मागे पडते. महाराष्ट्रात गरोदर बायांपैकी ४५.७ टक्के रक्ताने कमी आहेत. श्रीमंत घरातल्या, खाऊनपिऊन असलेल्या बाईचा एक पेला आणि आपल्या वस्तीतल्या ४० किलोच्या, हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईचा एक पेला सारखा नाही.

केपटाऊनच्या आसपासच्या द्राक्षमळ्यांबद्दल थोडं सांगते, कारण ते वाचताना मला आपलाच इतिहास वाचल्यासारखं वाटलं. त्या भागात गोऱ्या मळेमालकांनी पिढ्यान्पिढ्या मजुरांना मजुरीचा काही भाग दारूच्या रूपात दिला. दिवसातून काही वेळा मळ्यावरच दारू मिळायची. त्याला 'डॉप' म्हणायचे. पुढे कायद्याने ती पद्धत बंद केली, तरी सवय लोकांच्या अंगात आणि मळ्यांच्या व्यवहारात राहून गेली. या दुखण्याची मुलं जगात सर्वांत जास्त जिथे मोजली गेली त्यात तो भाग आहे. तिथल्या आया वाईट होत्या म्हणून असं झालं नाही. दारू मजुरीच्या जागी दिली गेली, आणि उंची खुंटली ती मजुराच्या नातवंडांची.

आता परत घोटावड्याच्या त्या मुलीकडे येते.

मुलीचं जन्माचं कार्ड मागितलं. दिवस पूर्ण भरलेले, वजन दोन किलो. पूर्ण दिवसांचं बाळ अडीच किलोच्या खाली भरलं तर कारण शोधायला हवं. मग मी टेप घेऊन मुलीच्या डोक्याचा घेर मोजला. ४५ सेंटिमीटर. तीन वर्षांच्या मुलीचा साधारण ४८.५ असतो आणि ४५.७ च्या खाली तो लहान धरतात. इथे मला धागा सापडला. अन्न कमी पडतं तेव्हा शरीर आधी मेंदू वाचवतं. मूल वजनाने आणि उंचीने मागे पडतं, पण डोकं बरंचसं राखलं जातं. दारूमध्ये मात्र वजन, लांबी आणि डोकं तिन्ही बरोबर मागे पडतात. हा नियम पक्का नाही. फार उपासमार झाली किंवा पोटात असताना काही जंतुसंसर्ग झाला तर तेव्हाही डोकं लहान राहतं. पण तिन्ही खाली असतील तर पुढचे प्रश्न विचारायला हवेत. अंगणवाडीत उंची आणि वजन घेतात, पोषण ट्रॅकरमध्ये भरतात. डोक्याचा घेर सहसा कुणी घेत नाही. टेप प्रत्येक शिंप्याकडे असते. भुवयांच्या वरून आणि मागे डोक्याचा सर्वांत पुढे आलेला भाग घेऊन फिरवायची, तीनदा मोजायची आणि सर्वांत मोठं माप लिहायचं.

उंची मोजण्यातही चुका होतात, त्याही सांगते. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून मोजतात, मोठ्याला उभं करून. एकाच मुलाचं झोपून घेतलेलं माप उभ्यापेक्षा सुमारे पाऊण सेंटिमीटर जास्त येतं. म्हणून एकदा असं आणि एकदा तसं मोजलं की उंची कमी झाली असं वाटून आई घाबरते. चप्पल काढायची, वेणी किंवा अंबाडा सोडायचा, टाचा पट्टीला टेकल्यात ना ते पाहायचं.

त्या आईला मी लगेच काही विचारलं नाही. अंगणवाडीत चार बाया उभ्या होत्या. दोन दिवसांनी तिच्या घरी गेले. सासूबाई बाहेर गेल्यावर चहा पिताना विचारलं, "ताई, दिवस गेल्याचं कळायच्या आधी, भट्टीवरून दमून आल्यावर, कधी थोडी घ्यायचात का? अंग दुखतं म्हणून कितीतरी जणी घेतात." ती गप्प बसली. मग म्हणाली, "घ्यायचे की. वीटभट्टीवर होतो तेव्हा. हे आणायचे, मला पण अर्धा ग्लास द्यायचे, म्हणायचे झोप लागंल." रोज का? "रोज नाही. हप्ता झाला की जास्त." दिवस गेल्यावर? "पाचवा लागेपर्यंत." तिला कुणी सांगितलं नव्हतं का? "कुणी विचारलंच नाही सिस्टर."

इथे माझी चूक येते. त्या काळात मी एका इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात होते, आणि नाव नोंदवायला आलेल्या बायांच्या कार्डावर 'व्यसन' या रकान्यात मी सर्रास 'नाही' लिहायचे. विचारायचे नाही. रांग मोठी असायची हे कारण होतंच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे बाईला असलं काय विचारायचं, असं मला वाटायचं. तिचं कार्ड माझ्या हातून गेलं होतं की नाही मला ठाऊक नाही. तसल्या शेकडो कार्डांवर माझ्या हस्ताक्षरातलं 'नाही' आहे.

बौद्ध घरांत हा प्रश्न विचारणं आणखी अवघड असतं. पाचवं शील आपण दर वंदनेला म्हणतो. त्यामुळे घेणारी बाई ते जास्तच लपवते. विचारणाऱ्याच्या आवाजात शीलभंगाचा ठपका ऐकू आला की ती पुढच्या वेळी दवाखान्यातही येत नाही, मग बाळाला जी मदत मिळायला हवी ती मिळत नाही. सध्याचं विचारण्यापेक्षा आधीचं विचारलं, आणि "पिता का" ऐवजी "किती, केव्हा" विचारलं, की बायका खरं सांगतात असा माझा अनुभव आहे. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारू नये. आणि नवऱ्यालाही वेगळं विचारावं, कारण पेला भरून देणारा हात पुष्कळदा त्याचा असतो.

निदान मी केलं नाही, ते माझं काम नव्हे. शाळा-अंगणवाडी तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून चिठ्ठी घेऊन मुलीला पुण्याला दाखवलं. डॉक्टर चेहऱ्यावर तीन गोष्टी पाहतात. डोळ्यांची फट आडवी लहान आहे का, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली उभी पन्हाळ सपाट झाली आहे का, आणि वरचा ओठ फार पातळ आहे का. या खुणा घरी बसून कुणी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या मुलात शोधू नयेत, कारण लहान बाळांचं नाक आणि ओठ घराण्यागणिक वेगळे असतात. शिवाय ज्या मुलांना दारूने त्रास झाला त्यातल्या बहुतेकांचा चेहरा साधा असतो. या मुलीचा चेहरा डॉक्टरांना पूर्ण जुळणारा वाटला नाही. थायरॉईड तपासलं, रक्त तपासलं, क्षयाची शंका काढून टाकली, जंताचं औषध दिलं. हिमोग्लोबिन कमी होतं, त्याचं औषध चालू केलं. शेवटी डॉक्टरांनी लिहिलं की गर्भात दारूचा संपर्क आणि वाढ खुंटणं यांचा संबंध असण्याची शक्यता जास्त आहे. रक्ताच्या एका तपासणीने 'हो' किंवा 'नाही' सांगता येतं, असं यात काही नसतं.

पुढची दोन वर्षं आम्ही तिच्या मागे लागलो. अंडी, डाळ, शेंगदाणे, लोहाचं औषध. पाच वर्षांची झाली तेव्हा वजन १४ किलो २०० ग्रॅम झालं, म्हणजे कमी वजनाच्या रेषेच्या वर आली. सेविकाताई खूश झाल्या. उंची भरली ९६.५ सेंटिमीटर. या वयाला खुजेपणाची रेषा ९९.९ ला आहे. दोन वर्षांत ती बारा सेंटिमीटर वाढली. थांबली नव्हती, पण सोबतच्या मुली चौदाच्या वर वाढल्या होत्या, म्हणून अंतर कमी होण्याऐवजी वाढलं. तक्त्यावर तिची रेघ खालच्या रेषेला धरून चालली आहे. ती पुढेही तशीच चालेल, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं. टॉनिक, उंची वाढवायची पावडर, लटकायची कसरत यांवर पैसे घालवू नका, हेही सांगितलं. वस्तीत पावडर विकणारे येतात, म्हणून मी हे मुद्दाम लिहिते आहे. उंचीपेक्षा जास्त काळजी शाळेची आहे. एका जागी बसणं, सांगितलेलं लक्षात ठेवणं, हिशेब यांत अशी मुलं मागे पडतात. मास्तरांनी तिला ढ किंवा द्वाड म्हणण्याआधी त्यांना कार्ड दाखवायला लागतं.

तिची आई त्या काळात पुन्हा गरोदर राहिली. या वेळी मला तिसऱ्या महिन्यातच कळलं. भट्टी सुटली होती, पण पगाराच्या दिवशीचा पेला अजून होता. चौथ्या महिन्यात तिने तो सोडला. उशीर झाला, आता काय उपयोग, असं तिला वाटत होतं. तसं नसतं. चेहऱ्याच्या खुणा पहिल्या काही आठवड्यांत, बाईला दिवस गेल्याचं कळायच्या सुमारासच ठरतात. पण लांबी आणि वजन वाढण्याचा मोठा काळ नंतरचा असतो. बॉस्टन शहराच्या सरकारी इस्पितळात १९७० च्या दशकात भरपूर पिणाऱ्या ज्या बायांनी शेवटचे तीन महिने लागण्याआधी पिणं कमी केलं किंवा सोडलं, त्यांच्या बाळांची वाढ पीत राहिलेल्यांच्या बाळांपेक्षा चांगली झाली होती. या आईला मुलगा झाला, दोन किलो सहाशे ग्रॅम, ४७.५ सेंटिमीटर लांब. दोन वर्षांचा झाला तेव्हा उभा ८३.५ सेंटिमीटर भरला. साधारण ८७ असतात आणि खुजेपणाची रेषा ८१ ला आहे, तो वर आहे. हे सगळं दारू सोडल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. या वेळी तिने लोहाच्या गोळ्याही घेतल्या, भट्टीवरचं ओझं नव्हतं, मिश्रीही कमी केली होती.

एक धोक्याची गोष्ट. जी बाई रोज, सकाळपासून पिते, तिला कुणी एकदम बंद करायला लावू नये. सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत हातपाय थरथरणं, घाम, भास आणि फिट येऊ शकते, आणि गरोदरपणात फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. तिला ग्रामीण रुग्णालयात, आपल्या भागात पौडला, घेऊन जावं आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगावं. गोळ्या देऊन चार-पाच दिवसांत उतरवतात. हप्त्याला पेला घेणारीला असा धोका सहसा नसतो, ती लगेच सोडू शकते.

बाळंतिणीला ऊब यावी म्हणून चमचाभर ब्रँडी पाजणं किंवा बाळाच्या सर्दीवर ब्रँडी लावणं, चाटवणं हेही थांबवा. अंगावरच्या दुधात आईच्या रक्ताएवढीच दारू उतरते. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत आंबवल्यामुळे थोडी दारू तयार होतेच. दोन चमच्यांत ती एखाद ग्रॅमच्या आसपास असते, नाइन्टीच्या मानाने फार थोडी. पण गरोदर असाल तर वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि चवीपायी अर्धी बाटली पिऊ नका. असं करणाऱ्या मी पाहिल्या आहेत.

आपल्याकडे दारूच्या बाटलीवर मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढं लिहिलेलं असतं. गरोदर बाईबद्दल त्यात एक शब्द नाही. अमेरिकेत १९८९ पासून तो इशारा लिहावा लागतो, फ्रान्समध्ये २००७ पासून बाटलीवर गरोदर बाईचं चित्र असतं. हातभट्टीच्या पिशवीवर तर काहीच नसतं. म्हणून तो इशारा आपण तोंडाने देतो, आणि नोंदणीच्या कार्डावरचा तो रकाना मी आता विचारल्याशिवाय भरत नाही. 'हो' आलं तर किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत हे आईच्याच शब्दांत लिहिते. त्या मुलीच्या जन्माच्या कार्डावर आम्ही ते नंतर लिहून घेतलं, 'पाचवा लागेपर्यंत, हप्त्याला जास्त', आणि त्याची झेरॉक्स तिच्या आईने पिशवीत ठेवली आहे. दर जूनला शाळा बदललेल्या बाईंना ती स्वतःच दाखवते.